पाडव्याची वाढ

शकुन वानखडेला कुणी धोबीण म्हटलं तर तिला राग येत नसे, पण ती दुरुस्ती केल्याशिवाय राहत नसे. "कंत्राटदार म्हना जी. कपडे मशीन धुते, मी जबाबदारी घेते." अकोल्यातल्या एका मोठ्या खाजगी दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे धुऊन, इस्त्री करून पोचवायचं पाच वर्षांचं कंत्राट तिच्याकडे होतं. नवरा गेल्यावर तिने एका जुन्या मशीनवर धंदा सुरू केला आणि पत्र्याच्या शेडमध्ये सहा बायांना कामाला लावलं. उगाच कुणाच्या पाया पडायची नाही आणि हक्काचं सोडायचं नाही, हा तिचा खाक्या. बाई तिखट आहे असं लोक म्हणत. होतीच.

यंदा मात्र या तिखट बाईच्याच पायाखाली केळाची साल निघाली.

दवाखान्याशी झालेल्या करारात लिहिलं होतं की धुण्याचा किलोमागचा दर दर वर्षी एक एप्रिलला चालू दरावर पाच टक्के वाढेल. तिने तेवढं वाचलं आणि सही ठोकली. खालच्या ओळीत असंही होतं की ही वाढ किमान एक महिना आधी लेखी मागावी लागेल, नाही मागितली तर त्या वर्षाची वाढ सोडून दिली असं धरलं जाईल. ती ओळ तिने पाहिलीच नव्हती. दोष डोळ्यांचा नव्हता, सवयीचा होता. मूर्तिजापूरजवळच्या तिच्या माहेरी सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल पाडव्याला बदलायचं. पाडव्याला सालदार ओसरीवर बसे, पुरणपोळी खाई, आणि पुढच्या सालाचा आकडा तोंडी ठरे. तारीख-बिरीख कुणी बघायचं नाही. त्यामुळे भाववाढ म्हटली की शकुनच्या मनात पाडवाच यायचा.

आधीची दोन वर्षं ती पाडव्याला पेढे घेऊन दवाखान्यात गेली होती. तेव्हाचे व्यवस्थापक पंजाबराव अंजनगाव सुर्जीकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. तेही पाडवाच जाणणारे. "झाली समज तुही वाढ," असं म्हणून त्यांनी दोन्ही वेळा पाच टक्के चढवले. दिवाळीला पंजाबराव निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर अमरावतीचा कुंदन आला. वयाने तिच्या धाकट्या भावाएवढा, वागायला गोड, पण कागदाचा पक्का.

यंदा पाडवा मार्चमध्येच आला. शकुनला वाटलं, आपण एप्रिलच्या आधीच आलो, म्हणजे वेळेवर आलो. कुंदनने पेढा खाल्ला, फाईल उघडली आणि हळूच सांगितलं, "ताई, तुमचं पत्र एक मार्चच्या आत यायला हवं होतं. यंदाची वाढ गेली."

"गेली म्हंजे? पुढच्या सालात धरसान ना मंग?"

"नाही. पुढच्या वर्षीचे पाच टक्के आजच्याच दरावर लागतील. यंदाची पायरी कायमचीच गळाली."

धुण्याचा सोडा महागला होता, विजेचं बिल चढलं होतं, आणि पगार वाढवून मागणाऱ्या बायांना तिने पाडव्याचा शब्द दिला होता. पायरी गळाली तर करार संपेपर्यंत घरचं घालून धुवावं लागणार होतं. तिने घरी येऊन ती खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि स्वतःलाच चार शिव्या हासडल्या. मग पदर खोचला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, पण शकुनला रडायचं नव्हतं. तिला बोलायचं होतं.

सोमवारी ती पेढे न घेता गेली.

"सायेब, चूक माही हाय," तिने सरळ सुरुवात केली. "पत्र द्याचं होतं, नाही देल्लं. पन दोन साल तोंडीच चाललं."

"पंजाबरावांनी सवलत दिली. एकदा सवलत दिली म्हणून तो हक्क होत नाही, असंही करारात आहे. ऑडिटला मी काय सांगू?" कुंदनने थोडा विचार केला. "एक करता येईल. पाच टक्के काढून दर महागाईच्या निर्देशांकाला बांधू. सरकार तो दर महिन्याला जाहीर करतं. तो चढेल तेवढा दर आपोआप चढेल, मागायला नको."

"तो यंदा किती चढला?"

कुंदन प्रामाणिक होता. "पाचाच्या बराच खाली आहे."

"त्याच्यात काय मोजतेत? किराना, घरभाडं, कपडेलत्ते. माहा सोडा अन् माही वीज त्याले इचारून चढते काय? मले पाचच पाह्यजे." तिने खुर्ची पुढे ओढली. "आज मागनीपत्र आनलं हाय. आजपासून एक महिना मोजा, तिथून वाढ द्या. मधातले दिवस माह्या चुकीचे, ते मी सोसते. अन् पुढच्या सालापासून मागाची अटच काढा."

"आणि मॅनेजमेंट नाही म्हणालं तर?"

"तं करारात तीन महिन्यांची नोटीस दोघायलेबी देता येते. चादर एक दिवस थांबवनार नाही, पन नोटीस देईन. मंग नव्यानं भाव मागवा, अन् पाहा या दरात कोन धुते ते."

ती धमकी नव्हती. खरंच ते कंत्राट सोडायची तिची तयारी झाली होती, आणि ते कुंदनला दिसलं. पण त्याला एक गोष्ट मनापासून समजून घ्यायची होती. "ताई, एक पत्र लिहायला एवढं काय जड आहे?"

"जड नाही जी. पन काम रोज दिसून राह्यलं ना तुमाले? काम दिसते तं वाढ होतेच, मागावं काहून लागते?"

आठवडाभराने पुरवणी करार झाला. वाढ महिनाभर उशिरा, पण पाच टक्केच. पुढच्या वर्षापासून एक एप्रिलला आपोआप. शकुनने यावेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली आणि छाती पुढे काढून शेडवर आली. बायांना तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं की कबूल केलेली पगारवाढ पक्की. आशाबाई हसली, दामिनीने मशीन बंद करून चहा टाकला.

चंदा मात्र इस्त्रीच्या टेबलापासून हलली नाही. चंदा सगळ्यात जुनी. पहिल्या मशीनपासूनची.

"तुले आनंद नाही झाला काय गं?" शकुनने विचारलं.

"झाला ना ताई. पन माही कुठी वाढ हाय? तुमी तं मागनाऱ्यायले देल्ली."

शकुनने आठवून पाहिलं. मागच्या पाडव्यालाही चंदा काही बोलली नव्हती, त्याच्या आधीच्याही. न बोलणाऱ्या माणसाचं आपण विसरूनच गेलो, हे तिला आत्ता कळलं.

"मंग मागतलं काहून नाही?"

चंदाने अभ्र्याची घडी घातली. "मागा लागते हे मले मालूमच नवतं. मले वाटलं, काम दिसते तं वाढ होतेच."

शेडमध्ये सगळ्या जणी चहा पीत होत्या. शकुनने हातातला कप खाली ठेवला आणि चंदाच्या हातातली इस्त्री काढून घेतली.

"तुह्या तीन पायऱ्या गळाल्या," ती म्हणाली. "तिन्ही लागतीन. पयले चहा पे."