उणे उत्तर

पाळी गावच्या खाणीवरचं ऑफिस बंद झालं आणि माझी नोकरी गेली. गणितात एम.एस्सी. केलेली मी सर्वणला सासरी बसून शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागले. काही वर्षं अशीच गेली. मग डिचोलीच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात गणिताची जागा निघाली. मुलाखतीत बारावीच्या वर्गावर प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं होतं.

त्या सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव चहात बुडवला तो तसाच बशीत राहिला. नवऱ्याने स्कूटरवरून फाटकाशी सोडलं. "भियेलंय गो?" त्याने विचारलं. मी भीती कबूल करत मान हलवली. "फळ्याकडे बघ. माणसांकडे बघूच नको," तो म्हणाला.

पण माणसं होतीच. मागच्या बाकांवर प्राचार्यबाई, संस्थेचे एक सभासद आणि पांढऱ्या मिशांचे, निवृत्त झालेले एक गणिताचे सर. त्यांच्या पुढे वर्गभर मुलं. सरांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. सगळ्या उमेदवारांना हेच उदाहरण होतं: साइन आणि कोसाइन या दोन फलांपैकी, म्हणजे फंक्शन्सपैकी, प्रत्येक ठिकाणी जे लहान असेल ते घ्यायचं आणि शून्यापासून पायपर्यंत त्याचं संकलन, म्हणजे इंटिग्रेशन, करायचं.

खडू धरला तर तळहात गार पडले होते. मी आधी दोन्ही वक्र काढले. साइन शून्यातून वर चढणारा, कोसाइन एकपासून खाली उतरणारा.

"खालचा कुठला?" मी मुलांना विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"सुरुवातीला साइन," पुढची मुलगी म्हणाली.

"कुठपर्यंत?"

"दोघं भेटतात तिथपर्यंत. पाय भागिले चार."

"त्यानंतर पुन्हा भेटतात का?"

मुलांनी आकृती न्याहाळली. पायपर्यंत पुन्हा भेटत नव्हते. म्हणजे पाय भागिले चारपर्यंत साइनचं संकलन, तिथून पुढे कोसाइनचं, आणि मग दोन्हींची बेरीज. पहिला तुकडा आला एक वजा एक भागिले वर्गमूळ दोन. दुसरा आला उणे एक भागिले वर्गमूळ दोन. बेरीज एक वजा वर्गमूळ दोन. साधारण उणे शून्य पूर्णांक एक्केचाळीस शतांश.

मागून सरांचा आवाज आला. "बाई, उणे?"

एवढंच. पुढे काही नाही. वाटलं, चुकले. चिन्ह उलटं पडलं, या सगळ्यांसमोर चुकले, आता घरी जाऊन काय सांगू? हात आपोआप डस्टरकडे गेला. ते उणे पुसायला एक फटकारा पुरे होता.

डस्टर उचलला आणि आकृतीवर नजर गेली. नव्वद अंशांनंतर कोसाइन अक्षाच्या खाली होता. खालचा भाग वरच्यापेक्षा मोठा, मग संकलन उणेच येणार. पण हे मला कळत होतं तरी विश्वास बसेना. भीतीने डोकं असं काही धरलं होतं, की दोन अधिक दोनही कुणी विचारलं असतं तर मी पुन्हा मोजलं असतं.

मग मी खरंच पुन्हा मोजलं, दुसऱ्या वाटेने.

"आता लहानाऐवजी मोठं घेऊ," मी मुलांना म्हणाले. "आधी कोसाइन, भेटल्यानंतर साइन." ते आलं एक अधिक वर्गमूळ दोन. "प्रत्येक ठिकाणी लहान आणि मोठं मिळून काय होतं?"

"साइन अधिक कोसाइन," दोन-तीन जण एकदम बोलले.

"मग संकलनांचीही बेरीज तीच यायला हवी." साइनचं सगळं संकलन दोन, कोसाइनचं शून्य, मिळून दोन. इकडे माझी दोन उत्तरं मिळवली, वर्गमुळं कटली, दोन उरले.

"उत्तर उणेच आहे, सर," मी मागे वळून म्हणाले. "हे क्षेत्रफळ नव्हे, संकलन आहे. अक्षाखालचा भाग वजा होतो."

सरांनी नुसतं "हं" केलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. त्या "हं"चा अर्थ मी फाटकापर्यंत लावत राहिले. नवऱ्याला म्हटलं, "गेलं बहुतेक." पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की छातीत धस्स व्हायचं. फोन गॅसवाल्याचा निघायचा, नाहीतर माहेरचा.

शेवटी प्राचार्यबाईंचा आला. वर्षभरासाठी घेतलं होतं.

रुजू झाले त्या दिवशी ते निवृत्त सर कुठल्याशा कामाने आले होते, ते व्हरांड्यात भेटले. "मी सगळ्यांनाच तसं विचारलं. बऱ्याच जणांनी ते उणे पुसलं," ते म्हणाले. "तुमची ती पडताळणी ठरवलेली होती?"

"नाही सर. भीती वाटली म्हणून केली."

ते हसले नाहीत. "बरं झालं," म्हणाले आणि स्टाफरूमकडे निघून गेले. घंटा झाली. मी खडू घेऊन बारावीच्या वर्गाशी पोचले आणि दाराबाहेर जरा थांबले. तळहात अजून गार होते.