देवीडॉक्टरांचा रामराम

देवीडॉक्टर गावात शिरले, की पोरं गावाबाहेर पडायची. कुणी गवताच्या गंजीमागे दडायचं, कुणी ओढ्याच्या घळीत. आया लेकरांना घरात कोंडून दाराला कडी लावायच्या. संस्थानच्या नोकरीत देवीची लस टोचत वेल्ह्याकडच्या डोंगरातून हिंडणारा हा माणूस. खरा डॉक्टर नव्हता, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. उंच, काळेसावळे, खाकी कोट, खांद्याला कातडी पिशवी. इतका मऊ बोलणारा माणूस मी फार थोडा पाहिला आणि इतका नकोसा झालेलाही.

भोंगवलीच्या शेतकरी घरातले ते. आमच्या गावी मुक्काम पडला, की माझ्या खोलीवर उतरत. मी नुकताच मास्तर होऊन भोरहून आलेला, विशीतला. पोरं पळाली याचं त्यांना वाईट वाटायचं, पण रागावलेले मी पाहिले नाहीत. "मास्तर, म्या त्यांच्या जागी असतो तर म्या पण पळालो असतो," एवढंच म्हणायचे आणि पायातले काटे काढत बसायचे.

एका वर्षी शाळेच्या बक्षीस समारंभाला पाहुणे म्हणून येणारे अंमलदार ऐनवेळी आजारी पडले. निरोप आला तो आदल्या दिवशी दुपारी. दिवाणखान्याएवढी शाळेची एकुलती खोली पताका लावून तयार होती, आसपासच्या वाड्यांतली मुलं सकाळी येणार होती. आता नवा पाहुणा कुठून आणायचा? हेडमास्तर माझ्या खोलीवर आले, तर ओट्यावर देवीडॉक्टर बसलेले. हेडमास्तरांनी हात जोडले. डॉक्टरांनी आधी नकोच म्हटलं. पोरं मला पाहून उठून जातील, तुमचा समारंभ मोडेल, असं त्यांचं म्हणणं. हेडमास्तर ऐकेनात, तेव्हा डॉक्टर कबूल झाले.

भाषण लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून दोन पानं लिहिली. 'आदरणीय गुरुजनवर्ग, प्रतिष्ठित ग्रामस्थ आणि प्रिय बालमित्रहो' अशी सुरुवात होती, पुढे विद्येचा महिमा. डॉक्टरांनी ते सावकाश वाचलं, घडी घालून मला परत दिलं आणि विचारलं, "ह्यात पोरांची पाळी कितव्या ओळीला येते?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. पण मग संध्याकाळी चुलीपाशी बसून ते जे करत होते ते मी पाहत राहिलो. त्यांना दोन-तीन वाक्यं आणि एक प्रश्न हवा होता, तेवढंच. त्या प्रश्नावर तास गेला. शाळा आवडते का, असं मी सुचवलं. ते म्हणाले, हेडमास्तर समोर बसलेले, पोरं व्हय म्हणणार, त्यात काय विचारलं? मोठेपणी कोण होणार, हेही नको, कारण डोंगरातल्या पोराला त्याचं उत्तर ठाऊक नसतं आणि ते उगाच खाली बघतं. पाढे, राजधान्या तर नकोतच, ती परीक्षा झाली. सर्वांत धाकट्यालासुद्धा उत्तर येईल, कुणाचं चुकणार नाही आणि मला स्वतःला ते ठाऊक नसेल, असं काही पाहिजे, असं ते म्हणत होते. "मला ठाऊक असलेलं विचारलं, की पोराला लगेच कळतं," ते म्हणाले. "ठाऊक नसलेलं विचारलं, की ते सांगायला बसतं."

सकाळी त्यांनी पिशवी आणि कोट माझ्या खोलीत ठेवला. तरी दारात त्यांना पाहताच पुढच्या रांगेतली दोन मुलं रडायला लागली. मुलींमधली एक, पलीकडच्या वाडीची ठकी, डावा दंड परकराच्या घोळात गुंडाळून बसली. हेडमास्तरांनी ओळख करून दिली. डॉक्टर टेबलाला वळसा घालून पुढे आले, मुलांपासून चार हातांवर थांबले आणि मागच्या भिंतीपर्यंत पोचेल अशा, पण नेहमीच्याच आवाजात म्हणाले:

"पोरांनो, रामराम. मी तुमचा देवीडॉक्टर. आज पिशवी आणली न्हाई, आज कुणालाच टोचणार न्हाई. आज बक्षिसं द्यायला आलोय. आता मला एक सांगा, शाळंला येताना वाटंत तुमाला कोण कोण भेटलं?"

आणि ते गप्प उभे राहिले. खोलीत कुणी बोलेना. हेडमास्तर पुढे वाकून एका हुशार मुलाला खुणावू लागले, तर डॉक्टरांनी त्यांच्याकडे न बघताच हात हलवून त्यांना थांबवलं. मला ती शांतता सोसवेना. त्यांना घाई नव्हती. शेवटी कोपऱ्यातून बारीक आवाज आला, "म्हस." सगळी हसली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कुणाची?" मग म्हशीच्या मालकाचं नाव आलं, मागोमाग कुणाला मामा भेटला होता, कुणाला साप. ते ज्याचं उत्तर येई त्याच्याकडे वळत आणि ते पुन्हा म्हणून दाखवत, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाई.

मग ठकी उठली. "मला कुणीबी भेटलं न्हाई," ती म्हणाली. "आमच्या वाडीला कुणी येत न्हाई आता. दोन घरांच्या दारावर लिंबाचा डहाळा बांधलाय."

दारावर कडुलिंब म्हणजे घरात देवी. ही गोष्ट वाडीने लपवली होती. सरकारी माणूस आला तर आजारी माणसाला उचलून नेईल आणि देवीचा कोप होईल, ही धास्ती. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "लांबून चालत आलीस, बस," एवढंच ते म्हणाले. पण वारा लागेल असं सांगून तिला त्यांनी खिडकीशी मोकळ्या जागी, इतर मुलांपासून वेगळं बसवलं. दहा मिनिटांत बक्षिसं वाटली. ठकीच्या तोंडून काय निघालं हे पोरांच्या ध्यानातही आलं नाही.

बाहेर येताच हेडमास्तर म्हणाले, सगळी मुलं आयती जमलीत, आत्ताच टोचून घ्या. डॉक्टर मग म्हणाले, "उद्या सकाळी. लस लागायला एका दिवसानं बिघडत न्हाई. माझा शब्द बिघडला तर ही पोरं पुन्हा कधीच हाती लागायची न्हाईत."

पिशवी घेऊन ते ठकीबरोबर वाडीवर निघाले. मीही गेलो. ठकीचा बाप वाटेतच आडवा आला. डॉक्टरांनी त्याला आजाऱ्यांबद्दल काहीच विचारलं नाही, आधी वाडीत लेकरं किती आहेत ते विचारलं. कुणाला उचलून नेणार नाही, डहाळे काढायला लावणार नाही, असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ठणठणीत असलेली बहुतेक माणसं टोचून झाली. ठकीने मात्र दंड पुढे केला नाही. "आज टोचणार न्हाई म्हनला व्हता," ती म्हणाली. बाप खेकसला, पण डॉक्टरांनी तिचं म्हणणं खरं असल्याचं त्याला सांगितलं. रात्री डॉक्टर ठकीच्याच ओसरीवर झोपले. उजाडल्यावर तिला टोचलं, मग आम्ही शाळेत आलो. मुलं रांग धरून उभी होती.

त्या दोन घरांतलं एक तान्हं वाचलं नाही. त्याच्यापाशी डॉक्टर बराच वेळ बसले होते. तिसऱ्या घरात मात्र देवी गेली नाही आणि शाळेतलं एकही मूल आजारी पडलं नाही.

पुढे त्यांची बदली झाली, मग पेन्शन. मी एकदा मुद्दाम भोंगवलीला गेलो. ते कांद्याच्या वाफ्यात पाणी धरत होते, थकले होते. ठकीला लग्न करून वरवे गावी दिल्याचं आणि तिने आपणहून आपल्या पोरांना टोचून घेतल्याचं मी सांगितलं. ते ऐकून त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि त्या तान्ह्याच्या आईची विचारपूस केली. तिला नंतर मूल झालं का, एवढंच त्यांना हवं होतं. झालं, मुलगी, असं मी म्हणालो.

त्याच पावसाळ्यात ते गेल्याचं पत्र आलं. तेव्हा मी त्याच शाळेत हेडमास्तर होतो. मुलांना नुसती सुट्टी देऊन घरी पाठवावंसं वाटेना. दुपारी मुलांना घेऊन, डॉक्टरांबरोबर गेलो होतो त्याच वाटेने, ठकीच्या वाडीपर्यंत चालत गेलो. एवढी पोरं का आणली, असं ठकीच्या बापाने विचारलं. डॉक्टर गेल्याचं मी सांगितलं. म्हातारा उठला, आत गेला आणि घागर भरून आणून एकेका मुलाला ओंजळीने पाणी पाजत राहिला.