काळ्या कळपातला पांढरा मेंढा

पौडच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी वीस वर्षं मदतनीस आहे. पोपटपंची करणारी पोरं मी ढिगानं पाहिली, आणि मला त्यांचा रागच येतो. वैभवीचं उलटं होतं. धनगराची ही पोर वर्गात सगळं समजायची, पण तोंडी परीक्षेला बसली की वाचाच बसायची. मागच्या वर्षी ती त्यातच नापास झाली. या खेपेला पुन्हा गप्प बसली, तर शिक्षण बंद करून मेंढरांमागं जायचं, असं तिच्या वडिलांनी, धुळाजी आप्पांनी, सांगून टाकलं होतं.

परीक्षेआधी निरंजन सरांनी सराव ठेवला. सर भले माणूस, पण प्रश्न विचारायला लागले की पिच्छा सोडत नाहीत.

"आनुवंशिकतेत डॉमिनंट गुण म्हणजे काय?"

"जो जास्त जणांत दिसतो तो, सर."

"तुमच्या कळपात कुठला रंग जास्त?"

"काळा."

"म्हणजे काळा डॉमिनंट?"

वैभवी गप्प झाली. झालं, गेली पोर, असं वाटून मी उगाच काचा पुसायला घेतल्या.

"न्हाई सर," ती एकदम म्हणाली. "माझं पहिलं उत्तर चुकलं. आमच्यात पांढऱ्या जोडीला कधी कधी काळं कोकरू होतं. काळ्या जोडीला पांढरं कधीच झालं न्हाई. म्हंजे काळा पांढऱ्यात लपतोय. आमच्या कळपात पांढराच डॉमिनंट."

"मग काळी जास्त कशी?"

"घोंगडीला काळी लोकर लागती. आप्पा काळीच राखत्यात, पांढरी इकत्यात. डॉमिनंट म्हंजे जास्त असलेला न्हाई, दुसऱ्याला झाकणारा."

सर पुढे सरकले. "पांढऱ्या मेंढ्यात काळा लपलाय का, कसं ओळखशील?"

"काळ्या मेंढ्यांवर सोडायचा. टेस्ट क्रॉस. एक जरी काळं कोकरू झालं, तरी लपलाय."

"पाच कोकरं झाली आणि पाचही पांढरी, तर? मेंढा शुद्ध पांढरा?"

"छातीवर हात ठेवून न्हाई सांगता येणार. लपलेला असला तर दर खेपेला पांढरं व्हायची शक्यता निम्मी. पाचही पांढरी व्हायची बत्तिसात एक. कोकरं वाढली तशी खात्री वाढती, पण पुरी कधीच न्हाई."

"आणि लपला असेल, चार पांढरी झाली, तर पाचवं काळंच?"

"कोकराला काय ठाऊक, आधी कोण झालं? पुन्हा निम्मीच."

माझा आनंद गगनात मावेना. सरांनी प्रश्नांचा कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "जा, झालं तुझं."

मागच्या वर्षी हे ऐकताच ती दाराबाहेर पळाली होती. आज खुर्ची पुढे ओढून ती म्हणाली,

"आणखी इचारा की, सर."