गालिच्याखालची पट्टी

साठच्या दशकात चामराजपेटेत नवं सरकारी वाचनालय उभं राहिलं. आमच्या शेजारचे अण्णा अंध होते, शाळेत शिकवायचे. त्यांच्याच सांगण्यावरून गवंड्याने गुळगुळीत फरशीत टाकी मारलेल्या खडबडीत दगडाची पट्टी बसवली. खाली उतरणाऱ्या पायऱ्यांआधी ती संपे आणि पायाला गोल उंचवटे लागत, म्हणजे थांबायचं. अधू नजरेच्या माणसांसाठी काळ्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवल्या.

उद्घाटनाच्या दिवशी हेडक्लार्कने या सगळ्यावर लाल गालिचा अंथरला. चळवळीची पत्रकं वाटत गावभर फिरणारा मी, त्या दिवशी त्याच्याशी भांडत होतो.

“स्वल्प गप्प बसा, मंत्री येतायत,” तो कानडी वळणाने म्हणाला.

तेवढ्यात अण्णा आत शिरले आणि पायांनी उंचवटे शोधत बांधकामापासूनच्या सवयीने झपझप निघाले. गालिच्याखाली त्यांना काहीच लागेना. पायरी वीतभर उरली.

“अण्णा, थांबा!” मी किंचाळलो.

ते थांबले. काठीने पुढची पोकळी चाचपली.

“आज तू ओरडलास. उद्या तू पत्रकं वाटायला गेलास, की कोण ओरडणार रे?”

 हेडक्लार्क खाली वाकला आणि स्वतःच्या हाताने गालिचा गुंडाळू लागला. मंत्री उघड्या दगडावरून चालत आले.