शीतळाईचे वाहन

सांडोर गावात केळीच्या बागांच्या कडेने एक पाऊलवाट जाते. तिच्या टोकाला, कडुनिंबाच्या झाडाखाली, शीतळादेवीचे लहानसे देऊळ होते. देऊळ म्हणजे चार भिंती आणि वर कौले. आत एक झिजलेला काळा दगड होता आणि त्या दगडावर देवीची आकृती कोरलेली होती. तिच्या डोक्यावर सूप, एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पाण्याचा कलश. ती बसली होती गाढवावर. शेंदराच्या पुटांखाली देवीचा चेहरा केव्हाच बुजला होता, परंतु गाढवाचे दोन लांब कान मात्र स्पष्ट दिसत. त्यावरूनच परका माणूससुद्धा देवी ओळखत असे.

या देवळाची झाडलोट सुभद्राबाई करीत. त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते. सकाळी बागेतील पानवेलींना पाणी सोडून झाले की त्या कळशी घेऊन देवळात येत, दगडावर थंड पाणी घालीत आणि थोडा वेळ पायरीवर बसत. गावातील लोकांना ते दृश्य इतके सवयीचे झाले होते की त्याचे कारण कोणी विचारीत नसे.

कारण होते प्रेमलता. ती सुभद्राबाईंची एकुलती एक मुलगी. ज्या वर्षी गावात देवीची साथ आली, त्या वर्षी ती नुकतीच परकर सावरायला शिकली होती. देवी टोचणारा मनुष्य सांडोरला येऊन गेला तेव्हा ती आजोळी होती. परत आली ती अंगात कणकण घेऊन. चौथ्या दिवशी कपाळावर पुरळ उठला आणि सासूबाई म्हणाल्या, “सुभद्रा, घरात आई आली. आता फोडणी घालू नको.”

तेव्हाच्या रीतीप्रमाणे सर्व काही झाले. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले. तळण बंद, फोडणी बंद, चपला बाहेर. ओटीवर मुलीचे अंथरूण घातले आणि त्यात निंबाचा पाला पसरला. तिला कोणी आजारी म्हणत नसे. घरात पाहुणी आली आहे असेच सर्व बोलत. कुंभारवाड्यातून गाढवीचे दूध आणले. सुभद्राबाई रोज पहाटे भिजवलेले हरभरे घेऊन कुंभाराच्या गाढवाकडे जात आणि ओंजळीतून त्याला खाऊ घालीत. देवी ज्याच्यावर बसून आली त्याला तृप्त केले, तर तो तिला लवकर परत नेईल, असे सासूबाईंनी सांगितले होते.

त्याच ओटीवर दुसऱ्या अंथरुणात दिराचा मुलगा विठ्ठल पडला होता. त्यालाही देवी आल्या होत्या. त्याच्या खपल्या धरल्या, त्या गळल्या आणि तो उठून बसला. प्रेमलता उठली नाही. देवी आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून तिला बागेच्या कडेला पुरले. सुभद्राबाईंनी त्या दिवशीही हरभरे भिजवून ठेवले होते.

पुढे बरीच वर्षे गेली. सासूबाई गेल्या, पतीही गेले. देवीचा रोग देशातून नाहीसा झाला असे सरकारने जाहीर केले. विठ्ठल शिकला, मुंबईत कचेरीत नोकरीला लागला आणि गावातील तरुणांनी देवळाच्या जीर्णोद्धारासाठी मंडळ काढले तेव्हा त्याचा अध्यक्ष झाला. त्याच्या गालांवर देवीचे वण होते. काकूवर त्याचा जीव होता. नवे देऊळ बांधायचे ठरले तेव्हा तो सर्वांत आधी तिच्याकडेच पेढे घेऊन आला.

“काकू, फरशी घालणार आहोत. पावसात तुझे पाय घसरायला नकोत. आणि नवीन मूर्ती! आगाशीच्या गंगाराम पाथरवटाला सांगून आलो. सिंहावर बसलेली देवी. बघत राहशील.”

सुभद्राबाईंनी पेढा हातातच धरला. “सिंहावर? आणि गाढव?”

“अगं, लोक हसतात. आमच्या कचेरीत एकाला सांगितलं, आमच्या गावची देवी गाढवावर असते. तो म्हणतो, का रे, धिंड काढलीय काय तिची? मला मान खाली घालावी लागली.”

“त्याला काय ठाऊक?”

“त्याला नाही, कोणालाच नाही. म्हणून तर बदलायचं.”

तो हसून निघून गेला. सुभद्राबाईंना त्या दिवशी जेवण गेले नाही. नेमके काय बोचते आहे ते त्यांना सांगता येत नव्हते.

शेजारच्या आल्बिनाबाई कुंपणापलीकडे झावळ्या सोलीत बसल्या होत्या. दोघींची मैत्री जुनी. साथीच्या दिवसांत आल्बिनाबाई रोज ताकाचे मडके कुंपणावर ठेवून जात. सुभद्राबाईंनी त्यांना सर्व हकिकत सांगितली.

“गाढवावर बसली तर लाज कसली?” आल्बिनाबाई म्हणाल्या. “आमचा येशू यरुशलेमात शिरला तो गाढवावरच की. आता येत्या झावळ्यांच्या रविवारी फादर परत तेच सांगतील. लढाईला येणारा राजा घोड्यावर येतो. गाढवावर येतो तो भांडायला येत नाही. लोक दारं लावून घेत नाहीत, बाहेर येतात.”

सुभद्राबाई म्हणाल्या, “आल्बिना, तू माझ्या पोटातलं बोललीस.”

“मग ते त्या विठ्ठलला सांग. मला सांगून काय, मी का तुमच्या मंडळात आहे? मला घेतलं तर देवळात मेणबत्त्या लावीन!”

सुभद्राबाईंना पुष्कळ दिवसांनी हसू आले.

वैशाखात त्या एकट्याच बसने आगाशीला गेल्या. गंगारामचे काम बाजारामागे, चिंचेखाली चाले. वयस्क, कमी बोलणारा माणूस. अंगावर दगडाची पूड. पुढ्यात देवीचा दगड उभा होता. त्यातून देवीचे खांदे बाहेर आले होते आणि खाली सिंहाची आयाळ आकार घेत होती.

“बाबा, हीच का सांडोरची?”

“हीच. बसा बाई.” गंगारामने पोते झटकून पुढे केले.

सुभद्राबाई उभ्याच राहिल्या. “आमची देवी गाढवावर असते.”

गंगारामने छिन्नी खाली ठेवली. “मी मंडळाला विचारलं होतं. सूप, केरसुणी, कलश म्हणता आणि खाली सिंह म्हणता, हे जुळत नाही. चेहरा आम्ही सगळ्या देवींचा एकाच हाताने घडवतो. ओळख होते ती हातातल्या वस्तूवरून आणि पायाखालच्या जनावरावरून. गणपतीखालचा उंदीर काढा आणि मोर ठेवा, लोक गोंधळतील. उंदीर कुरतडणारा, कुठल्याही बिळातून शिरणारा. त्याच्यावर एवढा मोठा देव बसला म्हणजे विघ्न त्याच्या ताब्यात आहे असं कळतं. शंकराचा नंदी बघा. तो धावत नाही, पिंडीकडे तोंड करून बसतो. वाट बघणं हेच त्याचं काम. यम रेड्यावर, कारण रेडा कोणासाठी वाट सोडत नाही.”

“आणि सिंह?”

“सिंह म्हणजे युद्ध. सिंहावरची देवी कोणाला तरी मारायला निघालेली असते. म्हणून तिच्या हातात त्रिशूळ लागतो. अध्यक्ष म्हणाले, मग केरसुणी काढा, त्रिशूळ द्या.”

“गाढव?”

“गाढव ओझं वाहणारं. उकिरड्यावर चरतं, झोपडीच्या दारातही थांबतं. हळू चालतं. शीतळाई सुपातून अंगावरचे दाणे घेऊन येते, पुन्हा केरसुणीने झाडून घेऊन जाते. कोणाशी लढत नाही. येते तशी जाते.”

सुभद्राबाईंनी आयाळीवर हात ठेवला. “याचंच गाढव करता येईल का? मी मंडळाला सांगते.”

गंगारामने सिंहाच्या माथ्याजवळ बोट नेले. “इथला दगड मी आयाळीसाठी उतरवला. सिंहाचे कान आखूड. गाढवाला कान लांब लागतात आणि त्या कानांचा दगड आता राहिला नाही. काढलेला दगड परत लावता येत नाही, बाई. नवीन दगड घ्यावा लागेल. मंडळ हो म्हणालं तर मी घडवीन.”

रविवारी देवळासमोर मंडळाची बैठक भरली. सुभद्राबाई आयुष्यात प्रथमच पुरुषांच्या बैठकीत उभ्या राहिल्या.

“आई गाढवावर आली तर ती पाहुणी म्हणून आली. जाताना माझी पोर सोबत घेऊन गेली, ते मी सोसलं. पण तुम्ही तिला सिंहावर बसवता. सिंहावरची देवी राक्षस मारते. मग आमच्या ओटीवर कोण राक्षस होता? माझी प्रेमा?”

विठ्ठल उठला. त्याचे डोळे भरले होते.

“काकू, असं कसं बोलतेस? राक्षस तो रोग होता. त्याच ओटीवर मीही होतो ना? मला वाटतं, ती माझ्यासाठी लढली. हे वण घेऊन मी शाळेत गेलो, देवीचं वाहन गाढव म्हणून मला गाढवाचा भाऊ म्हणत. मी एकच धरून राहिलो, आपण जिंकून उठलोय. मला ती सिंहावरच दिसते.”

“आणि माझ्यासाठी नाही लढली?”

विठ्ठलने तळहाताने गाल पुसले. सुभद्राबाईंनी त्याच्या गालांकडे पाहिले. ते वण त्यांनीच निंबाच्या पाण्याने पुसले होते. या मुलाला जगायला सिंह लागला, हे त्यांना त्या क्षणी समजले. त्याच्याकडून तो काढून घेण्याचे बळ त्यांच्यात नव्हते.

“बस, बाबा,” त्या म्हणाल्या. “बसव तुझी देवी.”

पावसाळ्यापूर्वी सिंहावरील मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. मूर्ती सुंदर होती. झिजलेला जुना दगड पूजेत ठेवू नये, असे भटजींनी सांगितले, म्हणून तो वाजतगाजत खाडीत विसर्जित केला. सुभद्राबाई काठावर उभ्या होत्या. पाण्याखाली जाताना शेवटी ते दोन कानच दिसले.

श्रावणातील शीतळा सप्तमीला चूल पेटवायची नाही, अशी जुनी रीत होती. त्या नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी शिजवलेला दहीभात घेऊन देवळात गेल्या. तेथे मोठी चूल पेटली होती. कढईत पुऱ्या तळल्या जात होत्या. एका नव्या सुनेने नम्रतेने विचारले, “आजी, शिळा भात? देवीला गरम नैवेद्य दाखवतात ना?”

तिची चूक नव्हती. सिंहावर बसलेल्या देवीला थंड अन्न का द्यावे, हे तिला कोण सांगणार? तळणीचा वास सुभद्राबाईंच्या नाकात शिरला आणि त्यांना ओटीवरचे ते अंथरूण आठवले. त्यांनी पदराने तोंड झाकले आणि त्या बाहेर आल्या.

कुंभारवाड्यात आता गाढवे नव्हती. खाडीच्या बाजूला रेती वाहणाऱ्या लोकांची होती. पाऊस थांबला होता. एक गाढव पाठीवर रिकामे पोते घेऊन चिखलात उभे होते. सुभद्राबाईंनी पदराची गाठ सोडली. भिजवलेले हरभरे ओंजळीत घेऊन त्या पुढे झाल्या. गाढवाने सावकाश, एकेक दाणा उचलीत खाल्ले. त्याचे ओठ तळहाताला मऊ लागत होते.

“आता तुझ्यावर कोणी बसत नाही,” त्या त्याला म्हणाल्या. “पण माझ्या पोरीला तूच घेऊन गेलास. हळू नेलंस ना?”

गाढवाने कान हलवले. पलीकडून त्याच्या धन्याने हाक दिली आणि ते वळून, पाय न आपटता, चालू लागले. ते दिसेनासे होईपर्यंत सुभद्राबाई ओला तळहात तसाच उघडा धरून उभ्या राहिल्या.