मधल्या गाण्यातली शाझिया

आष्ट्याच्या उर्दू शाळेतल्या नूरजहां बाईंनी जन्मभर पोरांना दुआ आणि नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीची गाणी, शिकवल्या. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी ठरवलं, पोरांच्या आवाजात एक छोटा अल्बम करायचा. गाणी बाईंनीच बांधली होती. प्रत्येक गाणं दोनेक मिनिटांचं, कारण त्यापुढं लहान पोरांचा दम टिकत नाही. वाद्य एकही नाही.

रेकॉर्डिंगला मानसिंग आले. फौजेत सिग्नलला होते, आता गावात साउंडचा धंदा. त्यांनी कोपऱ्यातला वर्ग निवडला, भिंतींवर वाकळा टांगल्या, पंखे बंद केले. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरनं गेल्या की थांबायचं, एवढाच नियम.

पहिल्या दिवशी चाचणी म्हणून झोपताना म्हणायची दुआ घेतली. सुरुवातीची ओळ तिसरीतली शाझिया एकटी म्हणायची, मग बाकीचे मिसळायचे. ओळीआधी ती मोठा श्वास घ्यायची. बाई रागवायच्या, तरी घ्यायची.

पुढच्या आठवड्यात शाझियाला ताप आला. डेंग्यू. सांगलीला नेली, ती परत आली नाही.

तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर शाळेनं काम पुन्हा हाती घेतलं. दुआची पहिली ओळ तिच्याच वर्गातल्या दानिशला दिली. पोरगं गोड गायलं. घरी जाऊन बाईंनी मोबाईलवर ऐकलं, मग मागं नेऊन पुन्हा ऐकलं. दानिशच्या आधी कुणीतरी श्वास घेतला होता. मग त्याच्या आवाजाखाली, अगदी बारीक, दुसरा एक आवाज होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मानसिंगला ऐकवलं. त्यांनी हेडफोन लावला, काढला, पुन्हा लावला.

"हाय, बाई. मलाबी ऐकू येतंय."

थोडा विचार करून ते म्हणाले, "सूर चुकू नये म्हणून दानिशच्या कानात चाचणीचं गाणं लावलं हुतं. हेडफोन त्याच्या कानाला ढिला. आतला आवाज बाहेर झिरपला आन् माईकनं धरला. दुसरं काय न्हाई."

"मग आता?"

"दानिशच्या आवाजातनं ती काढता येत न्हाई. पुन्हा घ्यावं लागंल. हेडफोनशिवाय."

पुन्हा घेतलं. बाईंनी पेटीवर फक्त एक सूर दिला आणि पेटी बंद केली. दानिशनं तोंड उघडलं, आणि गायच्या आधी थांबला. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मागची सगळी पोरंही तशीच, डोळे खाली घालून. बाईंनी तीनदा सांगून पाहिलं, "थांबू नका रे, सरळ म्हणा." तरी ती जागा रिकामी राहायचीच, आणि तिसऱ्या वेळी बाईंची नजर दाराकडं गेली. शेवटी एक पोरगी हळूच म्हणाली, "बाई, तिचा श्वास झाला की मगच म्हणायचं असतं."

मानसिंगनं मशीन बंद केलं. त्या दिवशी कुणी काही गायलं नाही.

त्यानंतर बाईंना शाळेत एकटं बसवेना. पोरं घरी गेली की वर्गात मागं कुणीतरी गायला तयार उभं आहे असं वाटायचं. शेवटी एका दुपारी त्या शाझियाच्या घरी गेल्या. बाप रहिमान शिलाईला बसला होता, आई आयेशा उंबऱ्यात. बाईंनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "चाचणीचंच गाणं घेऊ का? त्यात खुर्ची वाजलीय, पण गळा तिचा आहे. नको म्हणालीस तर पुसून टाकते."

आयेशानं नवऱ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "पुसू नका. कुठं घालणार हाय तुमी?"

"झोपायची दुआ आहे. सगळ्यात शेवटी."

"शेवटी नको, बाई. तिच्यामागं नुसती शांतता ऐकायची, ते मला जमणार न्हाई. मधी घाला. तिच्यामागनं दुसऱ्या पोरांचा दंगा येऊ द्या."

बाईंनी क्रम मोडून नव्यानं लावला. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून गायलेली अल्लाच्या स्तुतीची हम्द, मग एक संथ नात, मग शाझिया. तिच्या पाठोपाठ ईदचं पळतं गाणं, मधे जेमतेम दोन सेकंद. मानसिंगनी खुर्चीचा आवाज थोडा दाबला, श्वासाला हात लावला नाही.

अल्बमसोबतची पुस्तिका आठ पानांची, दोन कागद दुमडून मधे पिना मारलेली. शब्द मोठ्या टायपात, एका बाजूला उर्दू, समोर मराठी अक्षरात. मागच्या पानावर मोबाईलनं स्कॅन करायचा चौकोन. छापखान्यातला अजीम म्हणाला, "शाझियाच्या नावाआधी मरहूमा लिहितो, कैलासवासी लिहितात तसं." बाई म्हणाल्या, "नको. इयत्ता तिसरी एवढंच लिही."

शाळेच्या कार्यक्रमात अल्बम वाजला. शाझियाचा श्वास स्पीकरमधून आला तेव्हा अंगणातली कुजबुज थांबली. आयेशा मान खाली घालून बसली होती. ईदचं गाणं सुरू झालं तशी तिच्या मांडीवरची धाकटी टाळ्या वाजवू लागली, आणि तिनं तिला वाजवू दिल्या.

नूरजहां बाई आता घरीच असतात. गल्लीत कुणाच्या तरी मोबाईलवर ती गाणी लागतात. नात संपत आली की त्या हातातलं काम खाली ठेवतात. मानसिंगनं सांगितलेलं कारण त्यांना पटलेलं आहे, अजूनही पटतं. तरी वर्गात तिसऱ्यांदा "सरळ म्हणा" म्हणताना दारापाशी कोण उभं होतं, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं नाही.