पाणीयोजनेच्या इतिहासातली मोकळी चार वर्षं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी जालन्यात, स्टेशनजवळच्या एका दुकानात संगणकावर मराठी टाइप करत होते. एक दिवस शहागडकडच्या एका गावातले एक शेतकरी आले. ते गावच्या पाणीपुरवठा समितीचे सचिव होते. त्यांच्या हातातल्या कागदावर गावच्या शाळेतल्या गुरुजींनी पाणीयोजनेचा इतिहास लिहून दिला होता. अख्खं पान, सलग एकच परिच्छेद.

"ताई, पंपघराच्या भिंतीवर फलक लिहायचाय. भिंत उभी अन् अरुंद. पेंटर म्हणला, तारीखवार करून आणा."

मी डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे एका ओळीत एकच घटना, असं मांडायला घेतलं. गुरुजींनी सुरुवात नळाला पाणी आलं तिथून केली होती आणि मग मागे गेले होते. मी क्रम सरळ केला. 'त्यानंतर', 'दरम्यान', 'पुढे लवकरच' हे शब्द आपोआप गळले, कारण तारखाच तेवढं सांगत होत्या. मंजुरी, भूमिपूजन, नदीकाठची विहीर, पाइपलाइन, टाकी, नळ.

पण विहीर पूर्ण झाली आणि पाइपलाइनला सुरुवात झाली, यांत चार वर्षं होती. परिच्छेदात 'विहीर पूर्ण होऊन पाइपलाइन टाकण्यात आली' असं एका दमात वाचून मी पुढे गेले होते. आता वर्षं एकाखाली एक आल्यावर नजर तिथेच अडकली.

"मधे काय झालं हो?" मी विचारलं.

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "आमच्या बापानं अडवल्तं. पाइप आमच्या वावरातून जाणार होता."

"का अडवलं?"

"ते त्याला कुणी बराबर इचारलंच न्हाई."

मला राहवेना. मी म्हटलं, "तुम्ही तरी विचारा."

दुसऱ्या दिवशी ते वडिलांनाच घेऊन आले. म्हातारे खुर्चीत बसले आणि थेट मला म्हणाले, "पोरी, मला वाटलं चर खांदला तर माझ्या हिरीचा झरा तुटंल. कुणी समजावून सांगितलं न्हाई, नुसते भांडायलाच आले. मंग एका उन्हाळ्यात माझीच हीर आटली. सून नदीवरून हंडे आणायली होती. तवा म्या म्हणलं, खांदा."

"कधी हे?"

"पहिल्यांदाच तूर काढल्ती त्या साली. उन्हाळ्यात."

मुलगा हळूच म्हणाला, "ताई, हे नका टाकू. गाव हसंल."

"टाक," म्हातारे म्हणाले. "अडवलं ते लिही अन् सोडलं तेबी लिही. दोन्ही म्याच केलंय."

मुलानं मनाशी हिशोब करून दोन्हींची वर्षं सांगितली. सोडल्याचा महिना कुणालाच आठवेना, म्हणून मी त्या जागी 'उन्हाळा' लिहिलं. दोन ओळी वाढल्या. म्हाताऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी मला त्या दोनदा वाचून दाखवायला लावल्या आणि मुलाकडे पाहून मान हलवली. मुलानं छापलेल्या कागदाची घडी खिशात घातली.